फसलेला प्रकल्प घेऊन तोंडी परीक्षेला गेले, त्याची हकीकत

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा माझा रसायनशास्त्राचा प्रकल्प एप्रिलमध्ये संपला. ज्या निकालासाठी तो हाती घेतला होता, तो निकाल आलाच नाही आणि बहिस्थ परीक्षकांपुढे मी ते तसंच मांडलं. अशा वेळी प्रबंधात काय लिहायचं, काय ठेवायचं, परीक्षक काय विचारतात, हे सांगणारं मला तेव्हा कुणी भेटलं नव्हतं. त्यात चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा आवाज निघत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. मजकूर थोडा तांत्रिक होईल, पण परीक्षेत मला जे तारून गेलं ते त्या तांत्रिक भागातच आहे.

विषय जुलैमध्ये ठरला. झिंक ऑक्साइडची पूड रंगीत पाण्यात घालून वर अतिनील प्रकाश टाकला की रंगाचे रेणू तुटतात, हे जुनं ज्ञान आहे. अडचण अशी की ही पूड साधारण ३७५ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या लहरीच शोषते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तिच्या उपयोगाचा नाही. पुडीत थोडं तांबं मिसळलं तर ती दृश्य प्रकाशातही काम करील, असं माझं गृहीतक होतं. तोडायचा रंग म्हणून मिथिलीन ब्लू घेतलं. त्याचं द्रावण ६६४ नॅनोमीटरला सर्वांत जास्त प्रकाश शोषतं, त्यामुळे वर्णपटमापीवर एक आकडा वाचला की रंग किती उरला ते कळतं.

विषयनोंदणीच्या अर्जावर शीर्षक लिहायचं होतं. आम्ही लिहिलं, ‘तांबे-मिश्रित झिंक ऑक्साइडद्वारे दृश्य प्रकाशात मिथिलीन ब्लूचे कार्यक्षम विघटन’. एकही प्रयोग झालेला नसताना शीर्षकात ‘कार्यक्षम’ लिहून मोकळं झालो. आधीच्या वर्षांची सगळी शीर्षकं अशीच होती, त्यामुळे कुणालाच खटकलं नाही. तुमचा अर्ज अजून भरायचा असेल तर शीर्षकात निकाल घालू नका, ‘अभ्यास’ किंवा ‘परिणाम’ एवढं पुरतं. पुढे मला यापायी किती सह्या गोळा कराव्या लागल्या ते येईलच.

पूड बनवण्यात ऑक्टोबर उजाडला. झिंक अ‍ॅसिटेट आणि त्यात ३ टक्के तांबं पडेल इतकं कॉपर अ‍ॅसिटेट, सोडियम हायड्रॉक्साइड घालून साका, तो धुणं, वाळवणं, मग ४५० अंशांवर भट्टीत. हे काम सरळ आहे, फक्त धुण्यात आळस करून चालत नाही. क्ष-किरण विवर्तनासाठी नमुने बाहेर पाठवावे लागले. दर नमुन्यामागे पैसे भरायचे होते आणि रांग मोठी होती. तिथे नमुना स्वीकारल्याची पोच आणि क्रमांक मिळतो, तो वहीत चिकटवून ठेवा. पुढे चौकशी करताना नावाने कुणी ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतात.

नोव्हेंबरमधल्या पहिल्या चाचण्या फार सुंदर आल्या. लिटरला ५ मिलिग्रॅम रंग असलेलं १०० मिलिलिटर द्रावण, त्यात ५० मिलिग्रॅम पूड, वर पांढरा एलईडी दिवा, दोन तास ढवळणं. सुरुवातीचं शोषणमूल्य १.१०, शेवटचं ०.२४. म्हणजे ७८ टक्के रंग गेला. सत्राच्या सादरीकरणात मी हेच आकडे दाखवले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटचा नमुना मोजण्याआधी त्यातली पूड काढावी लागते, नाहीतर ती प्रकाश विखुरते आणि आकडा चुकतो. आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी सिरिंजला लावायची छोटी गाळणी वापरायचे, नायट्रोसेल्युलोजच्या पडद्याची. सुरुवातीच्या द्रावणात पूड नसते, म्हणून ते न गाळता थेट मोजायचे. माझ्या आधीचे सगळे असंच करत आले होते.

जानेवारीत मॅडम म्हणाल्या, “सुरुवात आणि शेवट पुरे नाही. मधले नमुने काढ, वेग काढायचाय.” म्हणून नीट मांडणी केली. आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, म्हणजे पुडीच्या पृष्ठभागावर जेवढा रंग चिकटायचा तेवढा चिकटून जातो. मग दिवा लावून दर २० मिनिटांनी नमुना काढायचा. अपेक्षा ही की आकडे हळूहळू उतरत जातील. माझे आकडे उतरलेच नाहीत. २० मिनिटांना ०.२५, तासाला ०.२३, दोन तासांना ०.२४. आणि दिवा लावण्याच्या आधी, अंधारातच काढलेला नमुना, तोही ०.२५.

त्या संध्याकाळी आलेख काढून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. प्रकाशाने रंग तुटत असेल तर प्रकाश पडण्याआधीच तो नाहीसा कसा होईल? पुडीवर चिकटला असेल, ही एक शक्यता होती. पण गाळणीचा पांढरा पडदा दर वेळी गर्द निळा व्हायचा आणि पूड मात्र जेमतेम निळसर दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पूड अजिबात न घालता, दिवा न लावता, नुसतं रंगाचं द्रावण त्याच गाळणीतून गाळून मोजलं. १.१० चं ०.२६ झालं.

एवढ्याने खात्री पटू नये, कारण एखादी गाळणी खराबही असू शकते. म्हणून एकाच गाळणीतून द्रावण थोडं थोडं ढकलत नेलं आणि दर ४ मिलिलिटर वेगळ्या नळीत धरले. पहिला भाग ०.२६, पुढचा ०.४१, मग ०.५८, ०.७०, ०.७९. पडद्यावरच्या जागा भरत जातात तसा रंग पुढे सुटतो, म्हणून आकडा चढत जातो. मग तो निळा पडदा पाण्यात बुडवला, तर रंग सुटला नाही. इथेनॉलमध्ये टाकल्यावर मात्र अल्कोहोल निळं झालं. रंग तुटलेला नव्हता, पडद्यात बसलेला होता. मिथिलीन ब्लूच्या आयनावर धन प्रभार असतो आणि असे रंग या जातीच्या पडद्याला घट्ट धरतात. नोव्हेंबरचे ७८ टक्के हे गाळणीचं काम होतं.

मी तीन दिवस मॅडमना सांगितलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काही कारण नाही. मग एका कागदावर ते पाच चढते आकडे आणि खाली तारीख एवढंच लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. बोलायला जमत नसेल तर हे करून बघा, आकडे पुढे ठेवले की संभाषणाची सुरुवात समोरचा माणूस करतो. मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “सेंट्रिफ्यूज रिकामा आहे का?”

फेब्रुवारी पूर्ण पुन्हा मोजण्यात गेला. गाळणी बाद, आता पूड खाली बसवायला मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. त्यातही एक खाच आहे. फार बारीक कण वर तरंगत राहतात आणि शोषण थोडं वाढवून दाखवतात. मिथिलीन ब्लू ८०० नॅनोमीटरला जवळपास काहीच शोषत नाही, म्हणून तिथला आकडाही वाचायचा. तो शून्याच्या वर असेल तर द्रावणात पूड शिल्लक आहे, पुन्हा फिरवायचं. सेंट्रिफ्यूजची वही सगळ्यांची मिळून एकच, आणि फेब्रुवारीत सगळ्यांनाच घाई. मी सकाळी पहिली वेळ नोंदवून ठेवायची.

दोन तासांनंतरचे आकडे असे आले. पूड नाही, फक्त दिवा: १.०३. तांबं मिसळलेली पूड, पण अंधार: १.०६. दिव्याखाली साधं झिंक ऑक्साइड: १.०१. दिव्याखाली तांबं मिसळलेलं: १.००. सुरुवात सगळीकडे १.१०. तोच प्रयोग पुन्हा केला की आकडा ०.०३ ने इकडेतिकडे व्हायचा. म्हणजे साध्या आणि तांबं मिसळलेल्या पुडीतला ०.०१ चा फरक मोजणीच्या गोंधळात बुडून जाण्याइतका लहान. रंग जो थोडा कमी झाला, त्यातला बराचसा पुडीशिवायही नुसत्या प्रकाशाने फिका झालेला.

याच सुमारास एका सहाध्यायीने मला फार आपुलकीने सल्ला दिला, की नोव्हेंबरचे आकडे टाकून दे, प्रकल्प कुणी पुन्हा करून बघत नाही. तिला माझी काळजी होती, हे मला कळत होतं. पण ते ७८ टक्के लिहिले असते तर परीक्षकांच्या प्रत्येक प्रश्नाला मला उत्तर रचावं लागलं असतं, आणि रचलेलं उत्तर अनोळखी माणसासमोर सांगणं मला कधीच जमलं नसतं. जे घडलं ते सांगायला निदान आठवण पुरते.

प्रबंध बांधायला टाकण्याआधी मॅडमनी एक प्रयोग आग्रहाने करवून घेतला आणि परीक्षेत मला सर्वांत जास्त तोच उपयोगी पडला. त्या म्हणाल्या, “काहीच झालं नाही असं लिहितेस, तर काही झालं असतं तर तुझ्या पद्धतीला ते दिसलं असतं, हे आधी दाखव.” म्हणून साधं झिंक ऑक्साइड, तीच मात्रा, तोच रंग, तोच सेंट्रिफ्यूज, फक्त दिवा ३६५ नॅनोमीटरचा अतिनील. हा दिवा बंद पेटीतच वापरायचा, पेटत्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही. तासाभरात १.१० चं ०.५८ झालं आणि दोन तासांना ०.३१. आलेख अगदी पुस्तकात असतो तसा उतरला. माझी पूड चांगली होती आणि मोजणीही. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश मुख्यतः ४५० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्यापुढे असतो, ३७५ च्या खाली जवळपास नसतोच, त्यामुळे साध्या पुडीला तिथे खायला काही नव्हतं. तांब्याने ती मर्यादा ओलांडायला मदत करायला हवी होती, ती माझ्या प्रयोगात दिसली नाही.

मार्चमध्ये कागदपत्रं. शीर्षकातला ‘कार्यक्षम’ काढायचा होता. त्यासाठी अर्ज, मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, मग कार्यालयात नोंद आणि नव्या शीर्षकाचं पत्र हातात. ते पत्र येईपर्यंत साहित्यचौर्य तपासणीचं प्रमाणपत्र मिळेना, कारण त्यावर शीर्षक छापलेलं असतं. आणि प्रमाणपत्राशिवाय बांधणी होत नाही, कारण ते प्रबंधाच्या आत जातं. हा क्रम आधी विचारून घ्या. कार्यालयातल्या एका बाईंनी मला आपणहून सांगितलं की, जुन्या शीर्षकाच्या अर्जाची छायांकित प्रत सोबत जोड, म्हणजे फाइल परत येणार नाही. तशी जोडली आणि फाइल खरंच परत आली नाही.

गाळणीचा भाग कुठे घालायचा, यावर मी फार विचार केला. परिशिष्टात टाकला असता तर कुणाच्या नजरेला पडला नसता. मी तो पद्धतीच्या प्रकरणात, मुख्य निकालांच्या आधी ठेवला. शेवटचा निकाल का बदलला, हे त्याच्याशिवाय समजत नाही. वापरलेल्या गाळण्या फोडून आतले निळे पडदे छोट्या पारदर्शक पाकिटांत घालून, तारखेसह मूळ वहीत चिकटवले.

तोंडी परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली आणि शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. बोलण्याची तयारी मी अशी केली. पहिली दोन वाक्यं शब्द न् शब्द पाठ, बाकी काही पाठ नाही. प्रत्येक आलेख कागदावर मोठा छापून घेतला, कारण हातात काही धरलं की माझी नजर आणि हात दोन्ही ठरतात. मला सर्वांत नकोसे वाटणारे प्रश्न लिहून काढले आणि त्यांची उत्तरं रिकाम्या वर्गात मोठ्याने म्हटली. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही, आवाज कुठे अडकतो ते कळत नाही.

माझा नंबर दुपारनंतर आला. सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होते. आत तिघं होते, बहिस्थ परीक्षक, अंतर्गत परीक्षक आणि मॅडम. पाठ केलेलं पहिलं वाक्य होतं, “या प्रकल्पाचं गृहीतक माझ्या प्रयोगात सिद्ध झालं नाही आणि सुरुवातीला ते सिद्ध झाल्यासारखं का दिसलं, तेही मी दाखवणार आहे.” आवाज बारीक निघाला. परीक्षकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, मला वाटतं नीट ऐकू यावं म्हणून.

गाळणीच्या आलेखापाशी त्यांनी हात वर केला. “थांबा. सपाट आलेख तर पुडीवर रंग पटकन चिकटला तरी येईल. गाळणीच कशावरून?”

हा प्रश्न माझ्या यादीत होता. मी सांगितलं, पुडीशिवाय गाळलेल्या द्रावणाचा आकडाही तेवढाच खाली आला. आणि पूड घालून, अंधारात ठेवून, गाळणीऐवजी सेंट्रिफ्यूज केलं तर १.०६ उरलं. पुडीवर चिकटला असता तर तिथेही तो कमी दिसला असता.

“मूळ वही आहे?”

वही पुढे केली. त्यांनी पानं मागून पुढे चाळली, खोडलेले आकडे बोटाने वाचले आणि पाकिटातले निळे पडदे उजेडात धरून पाहिले. खोडलेला आकडा वाचता येईल असाच, एका रेघेने खोडावा, असं आम्हाला पहिल्या वर्षी सांगितलेलं असतं. ते कशासाठी, ते मला त्या पाच मिनिटांत कळलं.

पुढचा प्रश्न यादीत नव्हता. “म्हणजे तांबं मिसळून काही होत नाही, असा तुमचा निष्कर्ष?”

मी गप्प झाले. खरंच बराच वेळ गेला असावा, कारण मॅडमनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. परीक्षक मात्र काही बोलले नाहीत, थांबून राहिले. मग मी म्हटलं, “नाही सर. एवढं म्हणता येणार नाही. माझे आकडे ०.०३ ने हलतात. दोन नमुन्यांत ०.०६ पेक्षा कमी फरक असेल तर मला तो दिसणारच नाही. म्हणजे दोन तासांत ५-६ टक्क्यांपेक्षा लहान परिणाम असेल तर तो माझ्या हातून निसटला. त्याहून मोठा परिणाम या दिव्याखाली नव्हता, एवढंच मी सांगू शकते.”

“आणि तांबं स्फटिकाच्या आत गेलं होतं, हे कशावरून?”

“तेही खात्रीने सांगता येत नाही. विवर्तनात कॉपर ऑक्साइडची वेगळी शिखरं दिसली नाहीत, पण इतक्या कमी प्रमाणात ती दिसतीलच असं नाही. पूड दृश्य प्रकाश शोषते का, ते विसरित परावर्तनाच्या वर्णपटावरून कळलं असतं. त्यासाठी नमुना बाहेर पाठवला होता, तो अहवाल मुदतीत आला नाही.” पोचपावती वहीत होतीच, ती दाखवली.

त्यांनी अतिनील दिव्याचा आलेख मागितला, माझ्या हातातून कागद घेतला आणि अंतर्गत परीक्षकांकडे वळून म्हणाले, “हा एक आलेख नसता तर बाकीच्याला अर्थ नव्हता. आता आहे.” मग मला म्हणाले, “आमच्या प्रयोगशाळेतही मुलं याच गाळण्या वापरतात. या पानाची प्रत मला द्याल? सोमवारी मी स्वतः नुसता रंग गाळून बघणार आहे.”

मी हो म्हटलं. ते माझ्याशी प्रकल्पाबद्दल आणखी बराच वेळ बोलले, पण आता ते प्रश्न परीक्षेचे नव्हते. कुठल्या जातीचा पडदा वापरला तर रंग कमी अडकेल, पहिले काही मिलिलिटर टाकून दिले तर चालेल का, असं. पहिले काही टाकून पुरणार नाही, पाचव्या भागालाही ०.७९ च होतं, हे मी न विचारता सांगितलं. खोलीत आल्यापासून मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

गुण चांगले मिळाले. त्यांचा आकडा इथे लिहीत नाही, कारण दुसऱ्या विभागात, दुसऱ्या परीक्षकांकडे ते वेगळे पडू शकतात आणि तुम्ही त्यावर विसंबू नये.

परीक्षकांनी एक दुरुस्ती मात्र सक्तीची केली. निष्कर्षात मी लिहिलं होतं, ‘तांबे-मिश्रित झिंक ऑक्साइड दृश्य प्रकाशात निष्क्रिय आहे.’ ते वाक्य त्यांनी पेन्सिलीने खोडलं आणि म्हणाले, “आत्ता तोंडी जे बोललात, तेच लिहा.” सुधारलेलं वाक्य असं झालं: ‘वापरलेल्या एलईडी दिव्याखाली दोन तासांत साध्या व तांबे-मिश्रित पुडीत मोजणीच्या मर्यादेपेक्षा मोठा फरक आढळला नाही.’ दुरुस्तीचा अर्ज वेगळा असतो, त्यावर पान क्रमांक, जुनं वाक्य, नवं वाक्य आणि मार्गदर्शकांची सही लागते. बदललेलं पान सगळ्या प्रतींमध्ये घालावं लागतं, ग्रंथालयाच्या प्रतीतही. म्हणून पहिल्या खेपेला कच्ची बांधणीच करा, पक्की बांधणी परीक्षेनंतर. माझा दुरुस्तीचा अर्ज आठवड्याभरात मंजूर झाला, आणि परावर्तनाचा अहवाल त्याच्याही नंतर, मे महिन्यात आला. तांबं मिसळलेल्या पुडीचं दृश्य प्रकाशातलं शोषण साध्या पुडीपेक्षा थोडं वाढलेलं होतं. म्हणजे प्रकाश शोषला जात होता, तरी रंग तुटत नव्हता. असं का, हा प्रश्न मॅडमनी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला दिला आहे आणि शीर्षकात या वेळी ‘परिणामांचा अभ्यास’ असं लिहिलं आहे.